साडेपाच वाजताचं रक्त

तुम्ही विचारलंत म्हणून: “डॉक्टरसाहेब, वय शेहेचाळीस. दिवसभर गळून गेल्यासारखं होतं, तिकडं मनच जात नाही, आणि गेलं तरी जोर टिकत नाही. टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून घेऊ का?”

करायची की नाही, हे मी आधी तीन प्रश्न विचारून ठरवतो. पहाटे जाग येते तेव्हा ताठरपणा असतो का? इच्छा सगळ्याच बाबतीत गेली आहे, की फक्त प्रसंग जवळ आला की माघार घेता? आणि रात्री झोप किती होते? थकव्याबद्दल मी पहिल्या झटक्यात फार विचारत नाही, कारण थकवा शंभर गोष्टींनी येतो. युरोपातल्या आठ ठिकाणच्या 40 ते 79 वयाच्या 3,369 पुरुषांचा एक मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. कमी टेस्टोस्टेरॉनशी खरं नातं सापडलं ते तीन लक्षणांचं: पहाटेचा ताठरपणा कमी होणं, इच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरपणा न येणं. ही तिन्ही एकत्र आणि शिवाय रक्तातही कमतरता, असे पुरुष निघाले शंभरात जेमतेम दोन. नुसता थकवा असेल तर मी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड बघतो, शाकाहारी माणसाचं बी-12 बघतो, आणि घोरण्याबद्दल विचारतो, तेही शक्यतो त्यांच्या मंडळींना. स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू येत नाही.

औशाकडचे एक गृहस्थ गेल्या वर्षी लातूरला माझ्याकडे आले, त्यांचीच गोष्ट सांगतो. वय 46, वजन 94 किलो, पंधरा एकर सोयाबीन-तूर, शिवाय खताचं दुकान. हातातल्या पिशवीत एक रिपोर्ट आणि एक इंजेक्शन. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन डेसिलिटरला 231 नॅनोग्रॅम. खाली लॅबची मर्यादा छापलेली, आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘लो’. कुणीतरी त्यावरच ‘ताकदीचं इंजेक्शन’ लिहून दिलं होतं, दर तीन आठवड्यांनी एक. अजून टोचलेलं नव्हतं, एवढं बरं.

मी विचारलं, रक्त कधी दिलं होतं? म्हणाले, “बाजाराच्या दिवशी आलो होतो, जेवण करून. साडेपाच वाजले असतील.” आणि आदल्या रात्री? आदल्या रात्री ते शेतात होते. त्या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीची लाईट होती. रात्री अकराला थ्री फेज आली की मोटार चालू करायची, बारे बदलत बसायचं, पहाटे येऊन पडायचं आणि नऊला दुकान उघडायचं.

हे हार्मोन झोपेत चढतं. रात्रभर नीट झोपलेल्या माणसात ते सकाळी सर्वांत जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. जेवण झालं, विशेषतः गोड पोटात गेलं, की काही तास आणखी खाली येतं, कधीकधी चौथ्या हिश्श्यानं. जागरणानंतर भरल्या पोटी संध्याकाळी घेतलेलं रक्त ‘लो’ येणारच. तापात, डेंग्यूत किंवा ऑपरेशननंतर लगेच घेतलेलं रक्तही असंच फसवं असतं. म्हणून नियम सोपा आहे: रात्री झोप, उपाशीपोटी, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी तसंच पुन्हा. दोन सकाळी कमी आल्याशिवाय कमी म्हणायचं नाही.

त्यांना मी दिवसाच्या लाईटचा आठवडा येऊ द्यायला सांगितलं. चार रात्री झोपून आठ वाजता आले, चहासुद्धा न घेता. आकडा आला 318. दहा दिवसांनी पुन्हा, 336. जगभरात साधारण 300 च्या खाली गेलं तर विचार करतात, काही तज्ज्ञ 264 ही खालची रेषा धरतात. म्हणजे हे गृहस्थ काठावर होते, पण काठाच्या आत.

तरी आकडा फार चांगला नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण वजनदार, साखरेकडे झुकलेल्या माणसात एक गंमत होते. टेस्टोस्टेरॉन रक्तात मोकळं फारसं फिरत नाही. बरंचसं एका वाहक प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं, लॅबवाले त्याला एसएचबीजी म्हणतात. पोटाचा घेर वाढला, इन्शुलिनचं काम बिघडलं, की हे प्रथिन कमी होतं. गाड्या कमी म्हणून एकूण माल कमी दिसतो, पण जो मोकळा भाग शरीराच्या कामी येतो तो पुरेसा असू शकतो. यांचं एसएचबीजी 16 आलं, बरंच कमी. त्यावरून हिशेब करून काढलेलं मोकळं टेस्टोस्टेरॉन मिलिलिटरला नव्वदीच्या आसपास पिकोग्रॅम निघालं. चिंतेची रेषा साधारण 65 च्या खाली असते. एक सांगतो, एकूण आकडा काठावर असला तरच ही पुढची तपासणी करावी. सरसकट प्रत्येकाला मोठं पॅकेज लिहून देणं मला पटत नाही.

मग बिघाड कुठं होता? त्याच रक्तात तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, 9.4 आली. रक्तदाब 150/96. तंबाखू-चुना पंचवीस वर्षांचा. साखर कधी तपासलीच नव्हती, “तहान लागती, पण उन्हाळ्यात कुणाला लागत नाही?” असं त्यांचं म्हणणं.

आता पहिल्या प्रश्नांकडे परत येतो. पहाटेचा ताठरपणा वर्षभरात कमी झाला होता, पण अधूनमधून यायचा. इच्छेबद्दल त्यांनी आधी ‘मनच नाही’ म्हणून सांगितलं. बायको बाहेर बसल्यावर खरं बोलले. मन होतं. पण दोन-तीनदा मध्येच ढिलं पडलं, लाज वाटली, आणि तेव्हापासून टाळायला लागले. लाईट दिवसाची असली तरी रात्री ‘मोटार बघून येतो’ म्हणून निघायचे. टाळता टाळता सवय लागली आणि सवयीलाच ‘इच्छा गेली’ हे नाव पडलं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता दोन्ही माणसांना समोर बसवून तो प्रश्न विचारत नाही.

इच्छा शाबूत आणि ताठरपणा ढिला, सोबत साखर, रक्तदाब, तंबाखू, तर माझी नजर हार्मोनवरून रक्तवाहिन्यांकडे जाते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चिकटा धरला की आधी तिथं कळतं. छातीत दुखायला लागण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी हा त्रास सुरू झालेला अनेकांत दिसतो. म्हणून यांचा ईसीजी काढला, ट्रेडमिलवर चालवून बघितलं. दोन्ही ठीक निघालं. मग साखरेची आणि रक्तदाबाची औषधं दिली, आणि सोबत ताठरपणासाठी सिल्डेनाफिल. ही गोळी देण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा तशी छातीची काही गोळी चालू आहे का. असेल तर सिल्डेनाफिल अजिबात नाही. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की माणूस उठत नाही.

पहिल्या वेळी गोळीनं काम केलं नाही म्हणून ते नाराज होऊन आले. मटणाचं जेवण करून लगेच घेतली होती. तेलकट भरपेट खाल्लं की ती उशिरा आणि अर्धवट लागते. हलक्या पोटी, तासभर आधी घ्यायची, आणि गोळी आपोआप काही करत नाही, जवळीक व्हावी लागते. पुढच्या वेळी तक्रार आली नाही.

त्या पिशवीतल्या इंजेक्शनचं काय झालं असतं? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना कामाचा निरोप धाडायचं थांबवतो. शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. मूल हवं असलेल्या तरुणाला हे इंजेक्शन म्हणजे उलटाच उपाय. रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा 54 टक्क्यांच्या वर गेला तर उपचार थांबवावा लागतो. आणि घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तो त्रास वाढू शकतो. हे गृहस्थ घोरत होते. सहा महिने इंजेक्शन घेतली असती तर बरं वाटलं असतं का? कदाचित पहिल्या महिन्यात. साखर मात्र 9.4 च राहिली असती.

उलटही उदाहरण आहे, नाहीतर तपासणी फुकटच असं वाटेल. उदगीरकडचे एक शिक्षक, वय 43, अंगानं बारीक. इच्छा पूर्ण गेलेली, स्वप्नातसुद्धा नाही. पहाटेचा ताठरपणा वर्षभर नाही. आणि एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: दाढी रोज करावी लागायची, आता आठवड्यातून दोनदा पुरते. तिथं मी क्षणभरही थांबलो नाही. सकाळचे दोन आकडे 118 आणि 126. इतकं खाली गेल्यावर पुढचा प्रश्न असा की कारखाना बंद आहे की मालक हुकूमच देत नाही. तो हुकूम म्हणजे एलएच, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येणारा. वृषण खराब असेल, समजा वयात आल्यावर गालफुगी खाली उतरली होती, तर एलएच वाढतं. यांचं एलएच कमी होतं आणि प्रोलॅक्टिन, त्याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन, बरंच वाढलेलं. ते वाढलं की एलएच दबतं. एमआरआयमध्ये पिट्यूटरीवर ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी गाठ निघाली. आठवड्यातून दोनदा प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबरगोलिनची गोळी सुरू केली. प्रोलॅक्टिन उतरलं तसं टेस्टोस्टेरॉन आपोआप चढलं, टेस्टोस्टेरॉनचं एकही इंजेक्शन न देता. सुरुवातीलाच इंजेक्शन दिलं असतं तर गाठ मागे लपून राहिली असती.

आणि एक विचारायचं राहून जातं: औषधं. नैराश्याच्या काही गोळ्या, रक्तदाबाच्या काही जुन्या गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली अफूच्या जातीची वेदनाशामकं. आमच्याकडे आणखी एक, गुडघेदुखीच्या बिनानावाच्या पुड्या. त्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असलं तर महिनोन् महिने घेतल्यावर तेही टेस्टोस्टेरॉन दाबतं.

औशाचे गृहस्थ सहा महिन्यांनी आले. वजन 86, एचबीएवनसी 6.9, तंबाखू सुटला नाही पण निम्म्यावर आला. सकाळी आठचं टेस्टोस्टेरॉन 412. ते मी मुद्दाम बघितलं, त्यांना काही गरज नव्हती. गोळी आता महिन्यातून एखाद्या वेळीच लागते म्हणाले. रात्रीची लाईट आली की मोटारीवर धाकटा भाऊ जातो.