एका टाइलमागे सापडलेली गळती

बेडरूमच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर हातभर ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटत होते. भिंतीपलीकडे बाथरूम. पहिला प्लंबर भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "ताई, अख्खी भिंत फोडून नवी लाइन टाकावी लागेल." मी त्याला परत पाठवलं, कारण पाणी नळाच्या लाइनचं आहे की ड्रेनेजचं, हेच अजून कळलं नव्हतं.

ओलीची कड पेन्सिलने आखली आणि दोन दिवस ते बाथरूम वापरलं नाही. टाकीकडून येणारं पाणी मात्र चालू ठेवलं. ड्रेनेजची गळती असती तर ओल वाढायचं कारण नव्हतं, पण ती रेघेपुढे दोन बोटं सरकली. म्हणजे सतत भरलेली लाइनच गळत होती.

दुसरे प्लंबर काका काट्याचा हातपंप घेऊन आले. बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद केला, गिझरची कनेक्शनं सोडली, नळांच्या जागी डमी लावल्या. शॉवरचा मिक्सरही काढला, कारण त्याच्या आतून गरम आणि गार पाणी एकमेकांत जाऊ शकतं आणि मग दोष कुठल्या लाइनचा ते समजत नाही. गार लाइनवर 5 किलो दाब अर्धा तास टिकला. गरम लाइनवर काटा दहा मिनिटांत 3 वर आला.

गळती गरम लाइनमध्ये निघाली हे आमचं नशीब, कारण तिथे थर्मल कॅमेरा चालतो. काकांनी तो भाड्याने आणला. मिक्सरच्या जागी डमी ठेवून गिझर परत जोडला, बेसिनचा नळ परत लावून उघडला, गरम पाणी लाइनमध्ये खेळवलं आणि पहिल्या मिनिटापासून बाथरूमच्या टाइल्सवर कॅमेरा धरला. उशीर केला तर उष्णता सगळीकडे पसरते आणि काहीच वेगळं दिसत नाही. आधी पाइपची सरळ उजळ रेघ उमटली. मग मिक्सरच्या डाव्या तोंडाखाली तिला एक ठिपका फुटला आणि तो खाली ओघळत रुंद होत गेला. बेडरूममधली ओल तिथून तीन फूट खाली होती! शिवाय ओली भिंत बाष्पीभवनाने गार दिसते, त्यामुळे नुसत्या ओलीवर कॅमेरा धरून फसायला झालं असतं.

ग्राइंडरने सांध्यावरून कापून एकच टाइल काढली. आत प्लास्टिकच्या आट्यांच्या एल्बोला केसाएवढी चीर होती. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळून जोर लावून आवळलेला होता तो. त्या जागी पितळी आट्यांचा एल्बो बसवला, सोल्युशन दुसऱ्या दिवसापर्यंत वाळू दिलं आणि परत 5 किलो दाब दिला. तासभर काटा हलला नाही, तेव्हाच सिमेंट भरू दिलं. माळ्यावर जपून ठेवलेली जुनी टाइल कामी आली.

बेडरूमला रंग अजून लावलेला नाही. ओलीची कड आता पेन्सिलच्या रेघेपासून चार बोटं आत गेली आहे.