एकच अनुदान, दोनदा वजा

यंत्रखरेदीवर मिळालेलं सरकारी अनुदान हिशेबात घ्यायची माझी ती पहिलीच वेळ होती. यंत्र 10 लाखांचं, अनुदान 4 लाखांचं, आयुष्य 5 वर्षं आणि घसारा सरळ रेषा पद्धतीने. अटी पूर्ण होणार आणि पैसे मिळणार याची वाजवी खात्री होती, त्यामुळे अनुदानाची नोंद करायला हरकत नव्हती. पण ते दाखवायचं कुठे?

सरकारी अनुदानांसाठीचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक आयएएस 20 दोन वाटा मोकळ्या ठेवतं. पहिल्या पद्धतीत यंत्र पूर्ण 10 लाखांना दिसतं आणि 4 लाख ‘डिफर्ड इन्कम’ म्हणून दायित्वांच्या बाजूला बसतात. मग दरवर्षी 2 लाख घसारा आणि त्यासोबत 80 हजार उत्पन्न. दुसऱ्या पद्धतीत अनुदान यंत्राच्या किमतीतूनच वजा होतं. यंत्र 6 लाखांचं, घसारा 1 लाख 20 हजार. नफ्यावरचा निव्वळ भार दोन्हीकडे सारखाच.

आम्ही पहिली पद्धत निवडली आणि चूक माझ्याकडूनच झाली. खातेवहीत अनुदान डिफर्ड इन्कममध्ये जमा केलं, पण मालमत्ता नोंदवहीत यंत्राची किंमत भरताना सवयीने 6 लाख लिहिली. घसारा त्या नोंदवहीवरूनच निघतो, म्हणून तो 1 लाख 20 हजार पडला, आणि वर 80 हजार उत्पन्नही घेतलं गेलं. वर्षाचा भार फक्त 40 हजार! नफा बघून मला शंकासुद्धा आली नाही.

नोंदवही आणि खातेवही जुळवायला बसलो तेव्हा ते उघडं पडलं. एकीकडे यंत्राची शिल्लक 4 लाख 80 हजार, दुसरीकडे 8 लाख 80 हजार. फरक नेमका अनुदानाएवढा, बरोबर 4 लाख. असा फरक दिसला की दुसरीकडे शोधत बसू नये. नोंदवहीत किंमत 10 लाख केली, घसारा पुन्हा काढला आणि शिल्लक दोन्हीकडे 8 लाखांवर आली.

नफा सारखाच, मग पद्धत कुठलीही चालेल असं मला आधी वाटायचं. पण पहिल्या वर्षाअखेर यंत्र एका पद्धतीने 8 लाखांचं दिसतं, तर दुसरीने 4 लाख 80 हजारांचं. मालमत्तेवरचा परतावा काढला की हा फरक जाणवतो. घसाऱ्यापूर्वीच्या नफ्यातही तसंच: 80 हजार इतर उत्पन्नात धरले तर पहिल्या पद्धतीत तो तेवढ्याने जास्त दिसतो. म्हणून निवडलेली पद्धत लेखा धोरणाच्या टिपेत स्पष्ट लिहावीच लागते.

रोख प्रवाह पत्रकात मी आधी खरेदीचे निव्वळ 6 लाख दाखवले होते. ऑडिटरनी ते खोडून 10 लाख बाहेर आणि 4 लाख आत अशा दोन वेगळ्या ओळी करायला लावल्या. ताळेबंदात अनुदान वजा केलं असतं, तरीही त्यांनी हेच सांगितलं असतं. बँकेतून 10 लाखच गेले होते आणि 4 लाख नंतर आले होते.