२,७५० रुपयांचा फरक

कराडला मी कॉम्प्युटरचा क्लास घेतो. दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, त्या वेळात दुकानदार येतात. त्यातलेच हे किराणावाले काका. कीबोर्डवर एक अक्षर शोधायला त्यांना मिनिट लागायचं, पण उजवीकडच्या आकड्यांवर बोटं धावायची. तिथली मांडणी कॅल्क्युलेटरसारखीच असते, ७-८-९ वर. मोबाईलवर नेमकं उलटं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी उधारीच्या वहीतल्या ३१ नोंदी एक्सेलमध्ये घातल्या. खाली बेरीज केली, `=SUM(C2:C32)`. उत्तर आलं १५,८९०.

"चूक आहे," काका म्हणाले. "वहीत १८,६४० आहेत."

मी म्हणालो, "काका, वहीत एखादी रक्कम दोनदा धरली असेल." त्यांनी काही न बोलता आधी वरून खाली, मग खालून वर बेरीज केली. दोन्ही वेळा १८,६४०.

मग मी रकाना तपासला. सगळ्या ओळी बेरजेत होत्या, कुठे लाल-हिरवी खूण नाही. शेवटी शेजारी `=COUNT(C2:C32)` लिहिलं. उत्तर २४. म्हणजे एकतीसपैकी सात नोंदी एक्सेल आकडा मानतच नव्हतं.

टेबल छान दिसावं म्हणून पहिल्याच दिवशी तो रकाना मीच मधोमध करायला लावला होता. ते काढलं, तेव्हा २४ रकमा उजवीकडे सरकल्या आणि सात डावीकडे चिकटून राहिल्या. ४५०/-, ३००/-, ६००/-... काकांनी वहीत होतं तसंच उतरवलं होतं. असं शेपूट लागलं की एक्सेलसाठी तो मजकूर होतो, आणि बेरीज करताना SUM मजकूर गुपचूप वगळतं, तक्रारसुद्धा करत नाही. त्या सातांची बेरीज बरोब्बर २,७५०.

Ctrl+H दाबून वरच्या चौकटीत `/-` लिहिलं, खालची चौकट रिकामी ठेवली आणि Replace All केलं. बेरीज १८,६४० झाली. काकांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना.

"पण ते काढलं तर पुढे कोणी शून्य वाढवेल की!"

बरोबरच होतं. वहीत ती खूण त्यासाठीच असते. मग Format Cells मध्ये Custom निवडून हे लिहिलं:

```
0"/-"
```

सगळ्या रकमांपुढे `/-` उमटलं, बेरीज हलली नाही. काकांनी एका घरावर क्लिक केलं, वरच्या पट्टीत नुसतं 450 बघितलं.

"म्हणजे आत एक, बाहेर एक?"

"हो, बाहेरचं फक्त दाखवायला."

"आमच्या गिऱ्हाईकांसारखं," म्हणाले, आणि चारला पाच कमी होती म्हणून शटर उघडायला निघाले.

रकाना मधोमध करणं मी आता पहिल्या महिन्यात शिकवतच नाही.