दानपेटीच्या भरणा स्लिपा जुळवताना अक्षरी-अंकी तफावत कशी सापडली (माझा अनुभव)

आमच्या गावच्या देवस्थान ट्रस्टचा हिशोब यंदा माझ्याकडे आला आणि ऑडिटच्या आधी कळलं की वर्षभराच्या दानपेटीच्या भरणा स्लिपा आणि कॅशबुक जुळत नाहीयेत. स्लिपेच्या आमच्याकडच्या प्रती 118 होत्या, सगळ्या हाताने भरलेल्या आणि भरणारे चार वेगवेगळे जण.

शीटमध्ये रकाने केले, B मध्ये अंकी, C मध्ये अक्षरी रक्कम वाचून ती आकड्यांत, D मध्ये नोटा-नाण्यांच्या तपशिलाची बेरीज. पहिल्यांदा मी चूक केली, अंकी रक्कम बघून लगेच अक्षरी टाकत गेलो, मग डोळा आधीच ठरवून वाचतो आणि सगळं जुळतंच. 20 स्लिपांनंतर ते पुसलं आणि आधी सगळ्यांचे अंक टाकले, दुसऱ्या दिवशी अंकांवर कागदाची पट्टी ठेवून फक्त अक्षरं वाचली. मग हे:

```
=IF(B2=C2,"",IF(MOD(B2-C2,9)=0,"अदलाबदल?","तफावत"))
```

शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला 9 ने भाग जातो, म्हणून तो वेगळा शेरा. पण भाग गेला म्हणजे तेच कारण असं नाही, तो फक्त इशारा, स्लिप काढून बघावीच लागते.

7 ठिकाणी शेरा आला. त्यातले दोन माझेच होते, जुन्या वळणाचा १ मी 9 वाचला होता. एका स्लिपेवर अंकी 12,560 आणि अक्षरी बारा हजार सहाशे पन्नास, फरक 90. तपशिलात पाचशेच्या 25 आणि पन्नासच्या 3 नोटा, म्हणजे 12,650, पासबुकातही 12,650. म्हणजे बँकेत पैसे बरोबर गेले होते, आमच्या कॅशबुकात अंक बघून 90 कमी लिहिले गेले होते.

पण दरवेळी अक्षरीच खरं असं धरू नका हं. चेकवर अक्षरी आणि अंकी वेगळं असेल तर अक्षरी धरतात, 1881 च्या कायद्याच्या कलम 18 मध्ये तसं आहे, पण भरणा स्लिप म्हणजे चेक नव्हे. दुसऱ्या एका स्लिपेवर अंकी 3,159 आणि अक्षरी तीन हजार एकशे एकोणसत्तर होतं, तिथे नोटा-नाणी 3,159 चीच भरली आणि पासबुकातही तेच, लिहिणाऱ्याने एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर लिहिलं होतं. एकोण- वाले आकडे म्हणूनच मी दोनदा वाचतो.

एका स्लिपेवर तपशीलच भरलेला नव्हता, तिथे पासबुक धरलं आणि शेऱ्यात तसं लिहिलं. स्लिपेवर खाडाखोड कुठेच केली नाही, पाचही स्लिपांच्या झेरॉक्स आणि कॅशबुकातल्या दुरुस्तीच्या नोंदी ऑडिटरकडे दिल्यात.