झाकणाखालचा अर्धा टक्का

"तुमच्या त्या कोंबुचात दारू असते का हो? आमच्याकडे कुणी घेत नाही, म्हणून विचारलं."

असते. थोडीच, पण असते.

कोंबुचा म्हणजे आंबवलेला गोड चहा. मी २ लिटर चहात १५० ग्रॅम साखर घालते. चहा गार झाला की आधीच्या खेपेचा कपभर आंबट कोंबुचा आणि स्कोबी, म्हणजे ती जाड बुळबुळीत चकती, त्यात सोडते आणि बरणीच्या तोंडाला सुती फडकं बांधते. आत दोन बिऱ्हाडं नांदतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस सोडतं. व्हिनेगर करणारे जिवाणू त्याच अल्कोहोलचं आम्ल करतात. दारू होत असते आणि संपतही असते. संपायची राहिलेली आपल्या पेल्यात येते. या जिवाणूंना हवा लागते, म्हणून झाकण नाही, फडकं.

खरी मेख आहे बाटलीत. फेस यावा म्हणून आपण गाळलेला कोंबुचा बाटलीत भरतो, फळ किंवा चमचाभर साखर घालतो आणि बूच घट्ट लावतो. हवा बंद झाली की व्हिनेगरवाले हात बांधून बसतात. यीस्टचं हवेवाचून काही अडत नाही. हिशेब करून बघा: अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५ ग्रॅम साखर घातली. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मं अल्कोहोल होतं, म्हणजे अडीच ग्रॅम, सुमारे ३ मिलिलिटर. तेवढ्या एका चमच्यानं बाटली ०.६ टक्क्यांवर गेली. चहातली उरलेली साखर वेगळीच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्यांच्या वर गेलेलं पेय मद्यात मोडतं. अमेरिकेतही रेषा तीच. २०१० साली तिथल्या होल फूड्स या दुकानसाखळीनं कोंबुचाच्या बाटल्या फळीवरून उतरवल्या, त्या दुकानात पडल्यापडल्या आणखी आंबून ही रेषा ओलांडत असतील या शंकेनंच.

मागच्या मे महिन्यात हापूसच्या फोडी घातलेली बाटली मी ओट्यावर चार दिवस विसरले. बूच काढलं आणि निम्मा कोंबुचा भिंतीवर! गॅस आणि अल्कोहोल एकाच साखरेतून जोडीनं निघतात, त्यामुळे इतकं उसळलं म्हणजे दुसरंही वाढलेलं असणार. उरलेला भाच्याला दिला नाही. चवीवर जाऊ नका, आंबटपणाखाली सगळं लपतं. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटरही फसवतो, कारण उरलेली साखर आणि नवं आम्ल दोन्ही त्याच्या आकड्यात मिसळतात. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही.

म्हणून बाटली दोन दिवसांत फ्रिजमध्ये जाते आणि आठवड्यात संपते. गरोदर बाई, लहान मुलं, दारू सोडलेला माणूस यांना मी घरचा कोंबुचा देत नाही. तुमच्याकडे येताना कोकम सरबत आणीन.