प्रायमर डिझाइन करताना आलेला माझा अनुभव (आणि शेवटच्या चार बेसनी केलेला छळ)

डिझर्टेशन संपलं, बाइंडिंगपण झालं, पण डोक्यातली चिडचिड काय जाईना म्हणून लिहून टाकतोय. कोल्हापुरात किंवा कुठंही बायोटेकच्या लॅबमध्ये कुणी "फ्रीझरमध्ये जुना प्रायमर आहे की, तोच वापर" असं म्हणालं, तर आधी हे वाचा.

काम साधं होतं. ई. कोलायमध्ये ईजीएफपीचा प्लाझमिड घातलेला, कॉलनी हिरव्या चमकत होत्या, फक्त पूर्ण जीन आहे का ते पीसीआर करून जेलवर दाखवायचं. डीएनए काढणं, जेल ओतणं यात काही अडलं नाही, त्याबद्दल लिहीत बसत नाही. अडलं ते प्रायमरपाशी. फ्रीझरमध्ये एक डबी होती, तिच्यावर नुसतं GFP F आणि GFP R. कुणी कधी डिझाइन केले, काय विचार करून केले, काही पत्ता नाही. नवीन मागवायचे तर खरेदी विभाग, तीन कोटेशन, सह्या, आणि तिथल्या साहेबांचं ठरलेलं वाक्य, "मागच्या खेपेला प्रायमर घेतलाय की तुमच्या लॅबनं, परत कशाला?" आता त्यांना काय सांगायचं, तो वेगळ्या जीनचा होता म्हणून! म्हणून आधी जुन्यावरच भागवायचं ठरलं.

जेलवर काय आलं? सातशेच्या पट्ट्यात बँड आहे का नाही असा प्रश्न पडावा इतका फिकट बँड, आणि खाली शंभरच्याही खाली जाड पसरट धूर. ॲनिलिंग टेंपरेचर कमी केलं की धूर वाढायचा, वाढवलं की बँडच गायब. प्रायमर जास्त घालून बघितला, फरक शून्य, उलट धूर अजून जाड. सर म्हणाले टेम्प्लेट खराब असेल. टेम्प्लेट बदलला, तेच.

शेवटी पीएचडी करणाऱ्या एका ताईनं रजिस्टर धुंडाळून सिक्वेन्स काढून दिला आणि म्हणाली, "बस आता पेन घेऊन, सॉफ्टवेअर नंतर उघड." तिचे उपकार. फॉरवर्ड असा होता:

```
GAGGAGCTGTTCACCGGGGTGGTG
```

चोवीस बेस, त्यात जी आणि सी मिळून सोळा, म्हणजे ६७ टक्के. पुस्तकात ४० ते ६० सांगतात. पण इथं थोडं समजून घ्यायला पाहिजे, ईजीएफपी हा जेलीफिशचा मूळ जीन नाही, माणसाच्या पेशीत चांगला चालावा म्हणून त्याचे कोडॉन बदललेत आणि कोडॉनच्या तिसऱ्या जागी जिथं तिथं जी नाहीतर सी आलाय. त्यामुळं ६० च्या थोडं वर जाणं या जीनमध्ये टळत नाही. त्यासाठी मी प्रायमरला दोष देत नाही. चार जी ओळीनं आलेत त्यासाठी मात्र देतो, कारण अशा ओळीमुळं प्रायमर एखादा बेस सरकून चुकीच्या जागी बसू शकतो.

मग मेल्टिंग टेंपरेचर. आम्हाला बीएस्सीला शिकवलेलं सूत्र, म्हणजे जी-सीला चार आणि ए-टीला दोन, ते वीसच्या आतल्या छोट्या तुकड्यांसाठीच ठीक. त्यानं हा प्रायमर ८० अंश दाखवतो, जे खरं नसतं. जरा लांब प्रायमरला हातानं काढायचं तर हे बरं:

```
Tm = 64.9 + 41 × (G + C − 16.4) / N
```

यात घातलं तर फॉरवर्ड ६४.२ येतो. डबीतला रिव्हर्स एकवीस बेसचा, जी-सी बारा, त्याचा ५६.३ येतो. म्हणजे जोडीत आठ अंशांचा फरक! दोघांत दोन-तीन अंश चालतात, पाचला हात टेकायचे. आठ असला की एकाला सोयीचं टेंपरेचर दुसऱ्याला सोसत नाही. (वेबसाइटवर काढाल तर आकडे याहून वेगळे येतील, कारण तिथं शेजारशेजारच्या बेसच्या जोड्या धरून हिशोब असतो आणि मीठ किती, मॅग्नेशियम किती हेपण बघतात. दोन साइटवर दोन आकडे आले म्हणून घाबरू नका, फक्त दोन्ही प्रायमर एकाच साइटवर एकाच सेटिंगला मोजा. एक इथला, एक तिथला असं करू नका.)

पण खरी गोम पुढंच होती. नुसता टीएमचा फरक असता तर बँड फिकट आला असता, पण प्रायमर वाढवूनही बँड ढिम्म हलला नाही त्याचं काय? ताईनं पेननं शेवटच्या चार बेसखाली रेघ मारली, GGTG. मग मधे बोट ठेवलं, CACC. आणि म्हणाली, "आता घडी घालून बघ."

```
5'-GAGGAGCTGTTCACCGG
              ||||  G
           3'-GTGGTG
```

विंचू नांगी उचलून आपल्याच पाठीवर टेकवतो ना, अगदी तसं. प्रायमरचं शेपूट वळून स्वतःच्याच मधल्या भागाला चिकटलंय. याला हेअरपिन म्हणतात हे पाठ होतं, पण तो आपल्या हातातल्या सिक्वेन्समध्ये दिसला की कळतं काय भानगड आहे ती. चार जोड्या, त्यातल्या तीन जी-सीच्या, आणि मधला फास पाच बेसचा, म्हणजे वळायला अगदी सोयीचा. फास तीनपेक्षा लहान असता तर एवढं वळताच आलं नसतं.

आणि इथं नीट लक्ष द्या, कारण बरेच जण "हेअरपिन आहे की नाही" एवढंच बघतात. हेअरपिन कुठं आहे ते जास्त महत्त्वाचं. टॅक पॉलिमरेज काम सुरू करतं ते थ्री प्राइम टोकापासून, आणि ते टोक टेम्प्लेटला चिकटलेलं लागतं. आमच्या प्रायमरचं नेमकं तेच टोक घडीत अडकलेलं. बरं, अडकून गप्प बसलं असतं तरी ठीक. पण घडी घातल्यावर समोर GAGGAGCTGTT हा अकरा बेसचा तुकडा मोकळा लोंबतोय, म्हणजे एंझाइमला आयता टेम्प्लेट मिळाला! एंझाइम त्याच्यावरून कॉपी करत सुटतं आणि प्रायमरला पुढं अकरा बेस जोडून टाकतं. आता चारच्या जागी पंधरा जोड्या, हा प्रायमर परत उलगडला तरी त्याचं टोक आपल्या जीनशी जुळत नाही. मेला तो कायमचा. म्हणजे प्रत्येक सायकलला थोडे थोडे प्रायमर वाया जात राहणार.

प्रायमर जास्त घालून फरक का नाही पडला तेपण इथंच कळलं. हेअरपिन ही एका रेणूची स्वतःशीच घडी, त्यामुळं तुम्ही प्रायमर दुप्पट करा नाहीतर चौपट, घडी घातलेल्यांचं प्रमाण तेवढंच. दोन रेणू एकमेकांना चिकटले तर तो डायमर, तो मात्र प्रायमर वाढवला की वाढतो. आमच्याकडं GGTG दुसऱ्या रेणूच्या CACC लापण चिकटू शकत होतं, म्हणून खालचा धूर जाड होत गेला. एकाच सिक्वेन्सनं दोन्ही रोग दिले. डीएमएसओ पाच टक्के घालून थोडी सुधारणा झाली होती, पण त्यानं टेम्प्लेटवरची पकडपण ढिली होते, साधारण एक टक्क्याला अर्धा-पाऊण अंश टीएम उतरतो, तेवढं ॲनिलिंग खाली घ्यावं लागतं. मूळ दुखणं तसंच.

उपाय म्हणजे टोक हलवायचं. फॉरवर्ड पंधरा बेस मागं, थेट सुरुवातीच्या ATG पासून घेतला:

```
F  ATGGTGAGCAAGGGCGAGGAG
R  CTTGTACAGCTCGTCCATGCC
```

फॉरवर्ड नीट बघा, जवळजवळ सगळे जी आणि ए. सी दोनच, टी दोनच. घडी घालायला जोडीदारच नाहीत! हे बघून मला जो आनंद झाला तो सांगून कुणाला पटणार नाही. जी-सी ६२ टक्के, वर आलेल्या सूत्रानं टीएम ५८.३. रिव्हर्स डबीतलाच ठेवला, ५७ टक्के आणि ५६.३. फरक दोन अंश. दोघांच्याही शेवटच्या पाच बेसमध्ये जी-सी तीनच, त्यापेक्षा जास्त झाले तर टोक कुठंही चिकटायला बघतं.

रिव्हर्सवर OligoAnalyzer नं डायमर दाखवलाच, कारण त्यात TGTACA आहे, उलट बाजूनं वाचलं तरी जोडी तीच. मी परत घाबरलो. पण ते फाइव्ह प्राइम टोकाकडं आहे, दोन रिव्हर्स तिथं चिकटले तरी थ्री प्राइमची शेपटं मोकळीच लोंबतात, एंझाइमला पुढं जाता येत नाही. म्हणून सोडून दिलं, आणि काही बिघडलं नाही. लाल आकडा दिसला की प्रायमर फेकायचा नसतो, कुठलं टोक अडकलंय ते बघायचं.

प्रॉडक्ट साइज पहिल्या बेसपासून शेवटच्या कोडॉनपर्यंत ७१७, कारण जीन ७२० चा आणि रिव्हर्स TAA च्या अलीकडं थांबतो. शंभरच्या लॅडरवर सातशेच्या किंचित वर. टॅकला हजार बेसला एक मिनिट धरतात, म्हणून ४५ सेकंद एक्स्टेन्शन भरपूर झालं. पूर्ण जीन बघायचा होता म्हणून एवढा मोठा घेतला, रिअल टाइम करणार असाल तर ७० ते १५० च्या आसपास घ्या, तिथं ७१७ चालणार नाही.

एक राहिलंच, रिव्हर्स लिहिताना जीनचं शेवटचं टोक उलटं करून त्याचा कॉम्प्लिमेंट घ्यायचा आणि ऑर्डर फॉर्मवर फाइव्ह प्राइमपासूनच टाइप करायचा. टाइप पण करू नका, कॉपी पेस्ट करा, आणि पेस्ट केलेलं परत Primer-BLAST मध्ये टाकून साइज ७१७ येतोय का बघा.

मग परत खरेदी विभाग. "एकाच प्रायमरसाठी ऑर्डर?" "होय साहेब, एकच." "मग दोन का नाही घेत, कोटेशन तेवढंच." यावर काय बोलणार. सही झाली तेवढ्यात पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पार्सल पलीकडं अडकलं. मी रडकुंडीला, ताई निवांत. प्रायमर वाळवलेल्या पावडरीसारखा येतो, दोन-चार दिवस बाहेर राहिला म्हणून त्याला काही होत नाही.

आल्यावर आधी ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. लेबलवर जितके नॅनोमोल, त्याच्या दहा पट मायक्रोलिटर बफर घातला की शंभर मायक्रोमोलर स्टॉक तयार. ५४ पासून ६२ पर्यंत ग्रेडियंट लावला, ५८ ला बँड एकदम ठसठशीत, खाली धूर नाही. सरांनी फोटो बघून "टेम्प्लेट चांगला होता म्हणजे" एवढंच म्हटलं.

जुना फॉरवर्ड मी फेकला नाही, फेकायला परत रजिस्टरला नोंद आणि सही लागते. डबीवर सिक्वेन्स, टीएम आणि साइज लिहून चिठ्ठी चिकटवली आहे, खाली मोठ्या अक्षरात "हेअरपिन, थ्री प्राइम, वापरू नये".