सात राउंडनंतरच्या त्या चार ओळी

"सात राउंड करून घेतले, वर नकार दिला, आणि तू त्या रिक्रूटरचे आभार मानलेस? कशाला? असे गोड मेल लिहून आपणच कंपन्यांना सात-सात राउंडची मुभा देतो," असं मला ऐकवलं गेलं.

आभार मानले कारण नकार त्या रिक्रूटरचा नव्हता. निवड ठरवतात हायरिंग मॅनेजर आणि पॅनेल. रिक्रूटरच्या वाट्याला येतं ते मधलं सगळं. पाच जणांच्या कॅलेंडरमधून एक मोकळा तास काढायचा, मुलाखत घेऊन गप्प बसलेल्या माणसाकडून फीडबॅक भरून घ्यायचा, आणि शेवटी दुसऱ्यांचा निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगायचा.

माझी प्रक्रिया ११ आठवडे चालली. तारखा तीनदा बदलल्या. घरी करायच्या असाइनमेंटने शनिवार-रविवार मिळून १४ तास खाल्ले. शेवटच्या राउंडनंतर नऊ दिवस काहीच कळलं नाही, आणि दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. पद दुसऱ्या उमेदवाराला गेलं होतं. "मेलने कळवायची पद्धत आहे, पण एवढ्या राउंडनंतर ते मला बरं वाटेना," त्या म्हणाल्या.

माझं काय कमी पडलं, असं मी विचारलं. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "सगळं नाही सांगता येणार. पण असाइनमेंटमध्ये तुम्ही उपाय सांगितलात, त्याला खर्च किती येईल हे लिहिलंच नाहीत. दोघांनी तेच नोंदवलंय."

पुढे वाद नको म्हणून बऱ्याच कंपन्या रिक्रूटरला कारण सांगू देत नाहीत. त्यांनी मला दोन वाक्यं दिली. ११ आठवड्यांतून माझ्या हातात काही उरलं असेल तर तीच.

तरीही त्या रात्री मी लिहिलेला मेल आभाराचा नव्हता. पहिलं वाक्य आभाराचं, पुढे दोन परिच्छेद १४ तासांबद्दल आणि बदललेल्या तारखांबद्दल, आणि शेवटी, "अजूनही काही विचार होऊ शकत असेल तर..." नशिबाने पाठवला नाही. सकाळी वाचला तेव्हा कळलं की आभारांच्या आड मी पुन्हा अर्जच करत होते. असा मेल गेला असता तर त्या बाईंना मला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागलं असतं.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी अगदी असाच मेल पाठवला होता. उत्तर आलं नाही, आणि त्या रिक्रूटरला मी मनात उद्धट ठरवून टाकलं. तेव्हाची मी अजून भांडते माझ्याशी: एका ओळीचं उत्तर द्यायला काय जात होतं? खरंच काही जात नव्हतं. पण माझ्या त्या शेवटच्या वाक्याला तिने काय उत्तर द्यायचं होतं, तेही मला आज सुचत नाही.

या वेळी सकाळी चार ओळी लिहिल्या. फोन करून सांगितलंत, त्याबद्दल आभार. तीनदा तारीख बदलली, पण प्रत्येक वेळी तुम्ही मला आधीच, आदल्या दिवशी कळवलंत, हे लक्षात राहिलं. खर्चाचा मुद्दा पटला; असाइनमेंट पुन्हा काढून तो भाग लिहून पाहणार आहे. पुढच्या उमेदवारांसाठी तुम्हाला शुभेच्छा. त्यात प्रश्न नव्हता, सीव्ही जोडला नव्हता, मॅनेजरला सीसी केलं नव्हतं. आमचा आधीचा सगळा पत्रव्यवहार ज्या मेलमध्ये होता त्यालाच रिप्लाय केला. नकाराचा जो आपोआप येणारा मेल असतो, त्याला उत्तर दिलं तर ते बहुतेकदा कोणी उघडतच नाही अशा पेटीत जातं.

यातून मला ती नोकरी मिळाली नाही, मिळणारही नव्हती. दीड वर्षाने त्या बाई दुसऱ्या एका कंपनीत गेल्या आणि तिथल्या एका पदासाठी त्यांचा मेसेज आला: "खर्चाचा भाग लिहिलात का मग?" त्यांना मी त्या चार ओळींमुळे आठवले की सात राउंडमधल्या कामामुळे, हे मला सांगता येणार नाही. पण मेसेजची सुरुवात त्या ओळीने झाली एवढं खरं.

सगळ्यांनाच लिहीत नाही मी. मुलाखत झाल्यावर जे गायब झाले, फोन उचलला नाही, त्यांना एक अक्षर नाही. ते चूक असेलही. माझ्याच्याने होत नाही.

आणि तो सुरुवातीचा मुद्दा, की असे गोड मेल लिहून आपणच कंपन्यांना सात-सात राउंडची मुभा देतो, तो मी खोडून काढलेला नाही. १४ तासांच्या बिनपगारी असाइनमेंटचा राग मला आजही आहे. फक्त तो मला त्या बाईंच्या मेलमध्ये नको होता. कंपनीचा उमेदवारांसाठीचा फीडबॅक फॉर्म आला तेव्हा मी तो सविस्तर लिहिला, तासांच्या हिशोबासकट, स्वतःचं नाव घालून. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.